शूट आणि इव्हेंटच्या मेकअप बुकिंगसाठी एक पानी करार: मसुदा तपासून द्याल का?

काजळरेघ

मी सोलापुरात सहा वर्षं मेकअप करते. बहुतेक नवरींचाच. गेल्या वर्षापासून कपड्यांच्या दुकानांची कॅटलॉग शूट आणि कंपन्यांचे इव्हेंट मिळायला लागलेत. कामं वाढली आणि कटकटीही. आजवर सगळं तोंडी चालत आलं, पण मागच्या महिन्यात ठेच लागली, म्हणून लेखी करार करायचा म्हणतेय.

झालं असं. एका फोटोग्राफरने फोन करून बोलावलं. साडीच्या दुकानाचं कॅटलॉग, शूट हिप्परग्याच्या तलावाजवळच्या एका फार्महाऊसवर. दोन मॉडेल, प्रत्येकीचे दोन लूक, सकाळी सहा ते दुपारी दोन, आठ हजार. तीन हजार त्याने UPI ने पाठवले. तिथे पोचल्यावर दुकानाच्या मालकांची मुलगी आली, "हिचंही जरा करा". प्रत्येक मॉडेलचा एकेक लूक वाढला. दुपारी ऊन असं की बेस लावला की पाच मिनिटांत कपाळावर पाणी. पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर किट मांडून मी टिश्यू दाबत बसले होते. पॅकअप संध्याकाळी सातला.

उरलेले पैसे मागितले तर फोटोग्राफर म्हणतो, क्लायंट देईल. दुकानात गेले तर मालक म्हणतात, आम्ही फोटोग्राफरला एकरकमी दिलेत. जादा तासांचं तर कुणी नावच काढत नाही. त्यात गेल्या आठवड्यात सात रस्त्यावरून जाताना बघते तर त्याच शूटचं भलंमोठं होर्डिंग. माझं आयलायनर दहा फुटांचं! आणि मला अजून एक फोटो मिळालेला नाही.

हा मसुदा बनवलाय: "मेकअपचे शुल्क अमुक. ॲडव्हान्स परत मिळणार नाही. बाकी रक्कम कामानंतर द्यावी. फोटोंवर मेकअप आर्टिस्टचाही हक्क राहील. जाहिरातीत वापरल्यास वेगळे पैसे द्यावे लागतील." एवढं पुरेल का?

सातरस्ता_स्टुडिओ

मी फोटोग्राफर आहे, पण तुमचा तो मी नव्हे, आधीच सांगतो :)

पैशाचं तुमचं बरोबर आहे. आमच्यात काही जण क्लायंटकडून पॅकेज घेतात आणि मेकअपवाल्यांना शेवटी बघतात. पण फोटोवर हक्क वगैरे लिहू नका. फोटो ज्याने काढला त्याचा, कायदाच तसा आहे. उद्या ड्रेसवाला, दागिनेवाला, फुलवाला, सगळेच हक्क सांगायला लागले तर आम्ही काय करायचं? आणि ॲडव्हान्स परत द्यायचा नसतोच, ते लिहायचीही गरज नाही.

आत्याबाई

माझ्या भाचीच्या लग्नात असाच प्रकार झाला. मेकअप अक्षता पडायच्या आधीच उतरला, मे महिना, हॉलचा एसी बंद. वहिनींनी बाईचे दोन हजार कापून घेतले. बरोबर केलं ना? करारात हेही लिहा, की मेकअप टिकला नाही तर पैसे कापणार.

काजळरेघ

आत्याबाई, मी मेकअपवालीच्या बाजूने विचारतेय हो! एसी बंद असेल तर आम्ही काय करणार?

शिरस्तेदार

वकिली करतो, कोर्टाच्या आवारातच बसतो. मसुदा वाचला. त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्टच नाही: पैसे कोण देणार?

तुमच्या प्रकरणात खरा घोळ तोच आहे. रक्कम ठरली, वेळ ठरली, पण समोरचा पक्ष कोण हे ठरलंच नाही. बोलावलं फोटोग्राफरने, ॲडव्हान्स त्याच्या खात्यातून आला, दर त्याच्याशी ठरला. म्हणजे माझ्या मते करार त्याच्याशीच झाला आणि बाकीही त्यानेच द्यायची. त्याला दुकानाकडून मिळाले की नाही हा त्याचा प्रश्न. म्हणून पहिलीच ओळ अशी लिहा: "हे बुकिंग अमुक यांनी केले असून संपूर्ण रक्कम देण्याची जबाबदारी त्यांची आहे. त्यांना त्यांच्या ग्राहकाकडून पैसे येण्यावर ती अवलंबून नाही." बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल, ही ओळ गाळू नका.

तोंडी करारही करारच असतो, १८७२ च्या करार कायद्यानुसार तो चालतो. अडचण पुराव्याची. ठरलेल्या आठ हजारांपैकी पाच बाकी आहेत, हे UPI ची नोंद आणि व्हॉट्सॲपवरून सहज दाखवता येईल. जादा तासांचं तसं नाही. त्याच कायद्याचं कलम ७० असं म्हणतं की कुणी फुकट करायच्या इराद्याने नव्हे असं काम केलं आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. मुलीचा मेकअप त्यात बसू शकेल. पण मोबदला किती, यावर वाद होणार, कारण जादा दर कधी ठरलाच नव्हता.

फोटोच्या मालकीबद्दल सातरस्ता यांचं अर्धंच बरोबर आहे. त्यावर रात्री लिहितो, आता तारीख आहे.

चादरवाला

ओ ताई, आमचा गारमेंटचा धंदा आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत, युनिफॉर्मचं कॅटलॉग दरवर्षी करतो. दुसरी बाजूही ऐका की. आठ हजारांच्या कामाला कुणी चार पानी करार घेऊन आलं तर आम्ही दुसरीला बोलावतो, खरं सांगतो. आणि स्टँप पेपर म्हणाल तर तो आता शंभरचा नाही, पाचशेचा झालाय.

पण एक सांगतो. आमच्या अकाउंटंटला बिल लागतं. मेकअपवाली बिलच देत नाही, मग तिचे पैसे कशात टाकायचे? फोटोग्राफरच्या बिलात घुसवतो. तिथूनच तुमचा लोचा सुरू होतो. बिल तुमच्या नावाने, थेट आमच्या फर्मच्या नावावर द्या, पेमेंट थेट येईल.

काजळरेघ

बिल म्हणजे जीएसटी लागेल ना? माझा नंबर नाही.

चादरवाला

वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असेल तर सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. साधं बिल चालतं. नाव, पत्ता, पॅन, तारीख, काय काम केलं, किती. जीएसटीची ओळ टाकायचीच नाही. आणि छोट्या धंद्यांसाठी सरकारची उद्यम नोंदणी असते, ती करून टाका. ज्याची ती नोंदणी आहे त्याचं बिल आमचा सीए हातात धरून बसतो, म्हणतो वेळेत द्या नाहीतर तो खर्च वर्षअखेर धरता येणार नाही. काय आहे ते मला नीट सांगता येत नाही, पण त्यांचे पैसे आमच्याकडे थांबत नाहीत एवढं खरं.

शिरस्तेदार

चादरवाले अगदी कामाचं बोलले. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. मेकअप ही सेवा आहे, ती यात बसते. नोंदणी udyamregistration.gov.in वर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. पण नोंदणी कामाच्या आधीची हवी. हिप्परग्याच्या कामाला आता तिचा उपयोग नाही, पुढच्या कामाला आहे.

स्टँपचंही सांगतो. साध्या करारावर पाचशेचं शुल्क आहे हे खरं. ते भरलं नाही म्हणून करार रद्द होत नाही, फक्त कोर्टात पुरावा म्हणून दाखल करायची वेळ आली तर आधी शुल्क आणि दंड भरावा लागतो. रोजच्या बुकिंगला माझ्या ओळखीचं कुणी स्टँप आणत नाही. अर्ध्या पानाचा मजकूर, व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर पाठवलेला, आणि समोरच्याचा स्पष्ट होकार. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार आयटी कायद्याने वैध आहे. चॅट मात्र डिलीट करू नका आणि "डिसॲपिअरिंग मेसेजेस" चालू नाहीत ना ते बघा. माझ्या एका अशिलाचे सगळे मेसेज सात दिवसांत गायब झाले होते, बसलो कपाळाला हात लावून.

सातरस्ता_स्टुडिओ

वकीलसाहेब, फोटोच्या मालकीचं राहिलं.

शिरस्तेदार

१९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १७. फोटो काढणारा हा साधारणपणे पहिला मालक. पण कुणी मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतले, तर उलट करार नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे त्या कॅटलॉगचे फोटो, त्या फोटोग्राफरने दुकानाशी काही वेगळं लिहून घेतलं नसेल तर, दुकानाचे. त्याचे नाहीत आणि काजळरेघ यांचेही नाहीत.

सातरस्ता_स्टुडिओ

हे मला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी आजच माझ्या कोटेशनमध्ये ओळ टाकतो.

काजळरेघ

म्हणजे होर्डिंगबद्दल मी काहीच करू शकत नाही?

शिरस्तेदार

काहीच ठरलं नव्हतं, म्हणून या होर्डिंगबद्दल नाही. "मेकअप आर्टिस्टचाही हक्क राहील" ही ओळ काढून टाका. फोटोत तुमचं कौशल्य दिसतं, पण त्या छायाचित्राच्या मालकीत तुमचा वाटा त्याने तयार होत नाही, आणि असं मोघम लिहिलेलं बघून दुकानदार बिचकतो. हक्काच्या भाषेत न जाता नेमकी मागणी लिहा.

एक, फोटो. "अंतिम निवडलेल्या फोटोंपैकी प्रत्येक लूकचे किमान दोन फोटो जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांत मिळतील, आणि ते मी माझ्या कामाचा नमुना म्हणून माझ्या पेजवर व पोर्टफोलिओत वापरू शकेन." ही मालकाने दिलेली परवानगी झाली, आणि कॉपीराइटची परवानगी लेखीच असावी लागते. म्हणून होकार ज्याच्याकडे फोटोची मालकी आहे त्याचाच घ्या. फोटोग्राफर "टाका की" म्हणाला आणि मालक दुकान असेल, तर त्या "टाका की"ला अर्थ नाही.

दुसरं, वापर कुठवर. आठ हजारांत कॅटलॉग आणि दुकानाचं सोशल मीडिया. होर्डिंग किंवा टीव्हीसाठी वापरल्यास वेगळी रक्कम, असं तुम्ही ठरवू शकता. फक्त ती रक्कम तुमच्या कामाच्या दराचा भाग म्हणून मागा, फोटोचं भाडं म्हणून नाही. समोरचा मान्य करेल का, ती घासाघीस तुमची.

चादरवाला

सोलापुरात कुणी देणार नाही हो. होर्डिंगवाल्याला देताना जीव जातो, मेकअपवालीला परत कुठलं. पहिल्यांदाच बाराशे-पंधराशे जास्त सांगा आणि मोकळ्या व्हा.

सातरस्ता_स्टुडिओ

मला हे पटत नाही. पुण्यामुंबईत हे पैसे देतातच. आपण मागतच नाही म्हणून मिळत नाहीत. पण नाव देणं तर फुकट आहे, तेवढं तरी दुकानांनी द्यावं.

चादरवाला

इन्स्टाला टॅग करायला काय जातंय, करू की. होर्डिंगवर नाव नाही बसत.

काजळरेघ

नाव देण्यातही एक गोची आहे. मागे एकाने मला टॅग केलं आणि फोटो एवढा रिटच केला होता की मॉडेलची त्वचा मेणाच्या बाहुलीसारखी. खाली कमेंट, "मेकअप फारच थापलाय". मी थापला नव्हता हो! तेव्हापासून वाटतं, नाव देणं आणि न देणं दोन्हीची मुभा आपल्याकडे पाहिजे.

शिरस्तेदार

लिहू शकता: "टॅग करण्यापूर्वी अंतिम फोटो दाखवावा." पाळतील का ते सांगता येत नाही.

आत्याबाई

मला कुणी उत्तर दिलंच नाही. बरं, ते पैसे राहू दे. त्या बाईने भाचीचा फोटो रिसेप्शनच्या आधीच इन्स्टावर टाकला, खाली "बुकिंग सुरू". सासरच्यांना आवडलं नाही. तिला तो अधिकार होता का?

शिरस्तेदार

आत्याबाई, हा प्रश्न अगदी धाग्याचाच आहे. नवरीचा चेहरा स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरायचा तर तिची परवानगी घेतलीच पाहिजे. मेकअपचे पैसे दिले म्हणजे ती परवानगी आपोआप मिळत नाही. शूटमध्येही मॉडेलची परवानगी वेगळी लागते, दुकानाची पुरत नाही.

काजळरेघ

खरं सांगू? मीही न विचारता टाकलेत. सगळ्याच टाकतात. आत्याबाई, तुमच्या भाचीच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता. आता बुकिंगच्याच मेसेजमध्ये विचारणार: चेहरा दिसला तर चालेल, फक्त डोळे-हात चालतील, की अजिबात नको. आणि टाकायचं ते समारंभानंतरच.

आता ॲडव्हान्सचं सांगा. लग्नाच्या तारखा आम्ही धरून ठेवतो, दुसरं काम नाकारतो. समोरच्याने आदल्या दिवशी रद्द केलं तर?

शिरस्तेदार

"ॲडव्हान्स" लिहून ठेवलंत तर तो किमतीचा आगाऊ भाग. काम झालंच नाही तर तो ठेवून घ्यायला कारण दाखवावं लागतं. मराठीत जुना शब्द आहे इसार, व्यवहार पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम. मोडला तर इसार जातो हे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना कळतं. पण इसार लिहिलं म्हणून कितीही ठेवता येतं असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट रास्त तेवढंच मान्य करतं, आणि तुमचं नुकसान काय झालं हे विचारलं जाऊ शकतं. म्हणून पायऱ्या करा. सात दिवस आधी रद्द केलं तर निम्मा इसार परत, त्यानंतर नाही, आणि तारीख पुढे ढकलली तर एकदाच तो पुढच्या तारखेला वळता. त्या दिवसाचं नाकारलेलं काम चॅटमध्ये असेल तर स्क्रीनशॉट ठेवा.

सातरस्ता_स्टुडिओ

आणि आर्टिस्टच आली नाही तर? माझ्यावर आलंय असं. मॉडेल तासाच्या भाड्यावर बसलेली आणि मॅडमचा फोन बंद.

काजळरेघ

इसार पूर्ण परत, आणि शक्य असेल तर दुसरी आर्टिस्ट पाठवीन. तुमचं मॉडेलचं भाडं मी भरणार नाही मात्र, तेवढी माझी ऐपत नाही.

सातरस्ता_स्टुडिओ

मग माझी मात्र अडचण तशीच राहिली.

काजळरेघ

सगळ्यांचं ऐकून परत लिहिलं. बघा:

> "नमस्कार. हे बुकिंग ____ (फर्मचे नाव) यांनी केले आहे. पूर्ण रक्कम देण्याची जबाबदारी त्यांची असून ती इतर कोणाकडून पैसे मिळण्यावर अवलंबून नाही. बिल त्यांच्या नावे दिले जाईल.
>
> काम: दोन मॉडेल, प्रत्येकी दोन लूक. वेळ सकाळी ६ ते दुपारी २, वेळ मी शूटच्या जागी पोचल्यापासून मोजली जाईल. शुल्क ८,००० रुपये. त्यापुढे दर तासाला ७००, प्रत्येक वाढीव लूकला ६००, प्रत्येक वाढीव व्यक्तीला १,५०० रुपये. वाढीव काम सुरू करण्यापूर्वी मी या क्रमांकावर मेसेज करीन.
>
> इसार ३,००० रुपये. सात दिवस आधी रद्द केल्यास निम्मा परत, त्यानंतर परत नाही. तारीख एकदा बदलता येईल. माझ्याकडून रद्द झाल्यास पूर्ण परत. बाकी रक्कम बिल दिल्यापासून १५ दिवसांत.
>
> फोटो प्रसिद्ध झाल्यावर दहा दिवसांत प्रत्येक लूकचे दोन फोटो मला मिळतील व मी ते माझ्या कामाचा नमुना म्हणून वापरू शकेन. त्याआधी सेटवरचे काहीही मी टाकणार नाही. वरील शुल्क कॅटलॉग व दुकानाच्या सोशल मीडियासाठी आहे. होर्डिंगसाठी वापर असल्यास १,५०० रुपये जादा.
>
> सावलीची जागा, आरसा, विजेचा पॉइंट व पंखा किंवा कूलर बुकिंग करणाऱ्याने द्यावा. मान्य असल्यास 'मान्य' असे उत्तर द्यावे."

हिप्परग्याच्या दिवसाला हे दर लावून बघितले. दोनऐवजी सातला सुटले, पाच तासांचे ३,५००. दोन वाढीव लूक, १,२००. मुलगी १,५००. आठ हजार धरून १४,२००, होर्डिंग सोडून. हातात आले तीन.

शिरस्तेदार

चांगलं आहे. "वाढीव काम सुरू करण्यापूर्वी मेसेज" ही ओळ फार मोलाची. मुलीला खुर्चीत बसवण्याआधी "तिसरा मेकअप, १,५०० जादा" एवढं टाइप केलं असतं, तर आज वाद राहिला नसता. पण ती ओळ लिहून मेसेज करायला विसरलात, तर तीच तुमच्यावर उलटेल.

जुन्या कामासाठी फोटोग्राफरला दोन वेगळी बिलं द्या. एक फक्त बाकी पाच हजारांचं. दुसरं जादा कामाचं, रास्त दराने. एकाच बिलात टाकलंत तर जादाचा वाद घालून तो पाचही अडकवेल. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, पण एवढ्या रकमेसाठी आधी नोटीस, मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज देऊन दाखलपूर्व लोकअदालत. तिथे कोर्ट फी नाही.

चादरवाला

आमच्याकडे हा मेसेज आला तर होर्डिंगची ओळ खोडून बाकीला मान्य म्हणेन. कूलरचं बेस्ट आहे, आमच्या माणसांनापण बरं वाटंल.

आत्याबाई

त्यात मेकअप किती तास टिकेल ते नाहीच.

काजळरेघ

आत्याबाई, कूलर मिळाला तर लिहिते तेही :)

अपडेट देते. पाच हजारांचं बिल पाठवल्यावर फोटोग्राफरने दोन हजार टाकले, बाकीचे "पाडव्यानंतर". जादाच्या बिलावर ब्लू टिक आहे, उत्तर नाही. आणि परवा एका इव्हेंट कंपनीला नवीन मेसेज पाठवला, त्यांनी नुसता अंगठा पाठवला. तो होकार धरायचा का?

शिरस्तेदार

भांडायला गेलात तर तो होकारच होता असं मी म्हणेन, आणि समोरचा वकील म्हणेल की फक्त मेसेज पोचल्याची पावती होती. परत लिहा: "कृपया 'मान्य' असं टाइप करा, त्यानंतर तारीख धरते."

काजळरेघ

लिहिलं. त्यांनी विचारलंय, "मॅडम, कूलर कितीचा लागेल?"